ताप उतरला त्या दिवशीचा तक्ता

सरकारी दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी क्लिपबोर्डला लावलेला एक चौकटीचौकटींचा कागद असतो. भेटायला येणारे केळी-बिस्किटांची पिशवी ठेवताना तो बाजूला सरकवतात, पण वाचत कोणी नाही. ज्यांचे माणूस त्या खाटेवर आहे तेसुद्धा सिस्टरना फक्त एवढेच विचारतात, "ताप किती?" कागदावर मात्र तापाशेजारी नाडी, श्वास, बीपी आणि लघवीचे माप लिहिलेले असते. शेवटच्या पानावर ड्युटीवरच्या सिस्टरने चार ओळी शेरा लिहिलेला असतो. नर्सिंगच्या मुलींना हा तक्ता शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. तापाची एकटी रेघ पाहून फसलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत, की हा कागद कसा भरतात आणि कसा वाचतात ते एकदा सावकाश सांगावेसे वाटते.

उदाहरणाला डेंग्यू घेते, कारण आपल्या खानदेशात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वॉर्ड त्यानेच भरतात. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघर ड्रम, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवलेल्या असतात. एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. जळगावचे सिव्हिल 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडले गेले, तरी लोक त्याला अजून सिव्हिलच म्हणतात. धुळ्याला भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. चोपडा, यावल, पारोळा, साक्री, शिरपूर इथले अवघड रुग्ण शेवटी या दोन ठिकाणी येतात. डेंग्यूचा तक्ता तापाच्या इतर तक्त्यांपेक्षा वेगळा वाचावा लागतो, कारण या आजारात ताप उतरतो त्याच दिवशी रुग्ण सर्वांत जास्त धोक्यात असतो.

आधी कागदाची ओळख करून घेऊ. वरच्या ओळीत तारखा असतात आणि प्रत्येक तारखेखाली सहा उभे रकाने: 2, 6, 10 आणि पुन्हा 2, 6, 10. म्हणजे दर चार तासांनी एक नोंद. डाव्या कडेला तापाची मोजपट्टी खालून वर चढत जाते, बहुधा 95 पासून 106 फॅरनहाइटपर्यंत. एका अंशाचे पाच बारीक भाग पाडलेले असतात, म्हणून एक चौकट म्हणजे 0.2 अंश. 98.6 ची रेघ जाड छापतात. शेजारी नाडीची वेगळी पट्टी असते. तापाचे ठिपके निळ्या शाईने आणि नाडीचे लाल शाईने द्यायचे आणि आपापल्या रंगाने जोडत जायचे, अशी आमची पद्धत. श्वास, बीपी, लघवी आणि वजन खालच्या रकान्यांत आकड्यांनी लिहितात.

दोन रेघा एकाच कागदावर काढण्यामागे कारण आहे. ताप चढला की नाडीही चढते, साधारण एका फॅरनहाइट अंशाला दहा ठोके या हिशेबाने. हिशेब ढोबळ आहे, पण खाटेपाशी उभे राहून वाचायला पुरतो. ज्याची नाडी एरवी 72 असते, त्याला 102 ताप असताना ती 105-110 झाली तर नवल नाही. निळी आणि लाल रेघ बैलगाडीच्या दोन चाकांसारख्या सोबत वर जातात आणि सोबत खाली येतात. त्या एकमेकींना सोडून चालू लागल्या की थांबून बघायचे. विषमज्वरात ताप 103 असूनही नाडी कधी कधी 88-90 वरच रेंगाळते, म्हणजे निळी रेघ वर आणि लाल मागे. डेंग्यूच्या घातक दिवशी नेमके उलटे होते. निळी खाली येते आणि लाल वर चढू लागते, आणि कागदावर दोघींची फुली पडते.

फुली खरी आहे की मोजण्यातली चूक, हे ठरवायचे तर आकडा कसा घेतला ते माहीत हवे. थर्मामीटर काखेत ठेवायचा असेल तर घाम आधी टिपून काढायचा. काच आणि पारा असेल तर पूर्ण पाच मिनिटे ठेवायचा आणि दंड अंगाशी घट्ट धरायला सांगायचे. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो. म्हणून पहिल्या दिवशी काखेत घेतला असेल तर शेवटपर्यंत काखेतच घ्यावा. मध्येच जागा बदलली तर ताप बदलला असे वाटते, आणि बदललेली असते फक्त जागा.

आमच्याकडचा उन्हाळा यात एक वेगळी अडचण आणतो. मे महिन्यात जळगावात पारा 44-45 सेल्सिअसला जातो, म्हणजे खोलीतली हवा माणसाच्या अंगापेक्षा गरम. काचेच्या थर्मामीटरची खुबी अशी की चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. ट्रेमध्ये पडल्या पडल्याच तो खोलीच्या उष्णतेने टोकापर्यंत चढून बसतो. तो तसाच काखेत लावला तर दिसतो तो ताप वॉर्डाचा असतो. जुन्या सिस्टर थर्मामीटर माठाच्या गार पाण्यात बुडवून, झटकून लगेच लावायच्या आणि काढल्या काढल्या, हवेत न धरता, वाचायच्या. आता पारा मागे पडून डिजिटल आले, पण त्यांच्या पाकिटावरही बहुधा 40 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरावे असे लिहिलेले असते. कपाळावर रोखायच्या बंदुकीचेही तेच. म्हणून उन्हाळ्यात दुपारी दोनच्या रकान्यात अख्ख्या वॉर्डाला अचानक ताप भरलेला दिसला, तर आधी थर्मामीटर तपासावा.

नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची असते. घाई असली की पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात, आणि ते कागदावर ओळखू येते: 72, 76, 80, 84, सगळे आकडे चाराच्या पाढ्यातले. पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला तर मिनिटाला चार चुकतात. पण मोठा तोटा वेगळाच आहे. मिनिटभर मनगट धरले की आकड्याखेरीज आणखी गोष्टी बोटांना कळतात. नाडी भरलेली आहे की दोऱ्यासारखी बारीक लागते, हात ऊबदार आहे की गार, कातडी कोरडी आहे की घामेजलेली. यातले काहीच आलेखावर मांडता येत नाही, त्यासाठी शेऱ्याचे पान असते.

बीपीत मात्र सर्वांत मोठी गफलत आकडा गोल करण्यात होते. कफ ब्लाउजच्या बाहीवरून गुंडाळला, दंड जाड आणि कफ अरुंद असला, तर आकडा चुकतो हे मुली पहिल्याच वर्षी शिकतात. पण 104/84 ला 110/80 लिहिणे ही चूक कोणाला चूकच वाटत नाही. सगळीकडे शून्याने संपणारे आकडे लिहायची सवय लागलेली असते. डेंग्यूत वरच्या-खालच्या आकड्यांपेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा. त्याला डॉक्टर पल्स प्रेशर म्हणतात. एरवी तो 40 च्या आसपास असतो. 20 किंवा त्याहून कमी झाला, तर रुग्ण शॉकमध्ये चालला असे समजायचे. 104/84 मध्ये फरक आहे 20. गोल करून 110/80 लिहिला की तो 30 होतो, आणि धोका कागदावरून पुसला जातो. पुढच्या पाळीच्या सिस्टरला तो कधी दिसणारच नाही. म्हणून पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनची बारीक रेघ असते तिथपर्यंत वाचायचे आणि वाचले तेच लिहायचे.

आता एक तक्ता उलगडून बघू. हा कोणा एका रुग्णाचा नाही. आमच्या वॉर्डात जसे तक्ते भरतात त्यावरून मी शिकवण्यासाठी बेतलेला आहे. रुग्ण पारोळा तालुक्यातली सव्वीस वर्षांची बाई, वजन 50 किलो. सोमवारी सकाळी कापूस वेचताना हुडहुडी भरून ताप आला. गावात दोन दिवस गोळ्या घेतल्या आणि बुधवारी संध्याकाळी ती दाखल झाली. तक्त्यावर दाखल झाल्याची तारीख तर हवीच, पण त्याहून आधी आजाराचा दिवस लिहायचा: "तापाचा दिवस तिसरा." डेंग्यूचा सगळा हिशेब या दिवसावर चालतो. पहिले दोन ते सात दिवस ताप, आणि तो उतरण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, 24 ते 48 तासांचा कठीण काळ. ती आमच्याकडे किती दिवस आहे यावर हे ठरत नाही, पहिली हुडहुडी कधी भरली यावर ठरते. म्हणून नातेवाइकांना खोदून खोदून विचारावे लागते. "परवापासून" हे उत्तर पुरत नाही. बाजाराच्या आधी की नंतर, असे विचारले की वार बरोबर सापडतो.

बुधवारी संध्याकाळी 6 ला ताप 103.2, नाडी 112, बीपी 110/70. शेरा: "अंग फार दुखते, डोळ्यांमागे दुखते. उलटी नाही. लघवी झाली. पॅरासिटामॉल 500 ची एक गोळी 6.15 ला दिली." शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. रात्री 10 ला ताप 101.4 दिसतो. तो आजाराने उतरला की गोळीने, हे फक्त त्या वाक्यावरून कळते. गोळीने उतरलेला ताप चार-सहा तासांत पुन्हा चढतो. म्हणून आम्ही आलेखावरच, गोळी दिली त्या वेळेच्या रकान्यात एक छोटा बाण काढायला सांगतो. डेंग्यूच्या संशयात पॅरासिटामॉलखेरीज ताप-वेदनेचे दुसरे औषध द्यायचे नसते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. गावाकडे "सुई" म्हणून बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकच टोचलेले असते, म्हणून दाखल करतानाच आधी कोणती सुई घेतली ते विचारून शेऱ्यात टाकायचे.

गुरुवार, तापाचा चौथा दिवस. सकाळी 6 ला 102.4 आणि नाडी 104. दुपारी 2 ला 102 आणि 100. रात्री 10 ला 101.2 आणि 94, बीपी 110/72. दोन्ही रेघा सोबत उतरत आहेत, बीपीतला फरक 38 आहे. रक्ताच्या रिपोर्टात पीसीव्ही 38, प्लेटलेट 90 हजार. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, तो आकडा. तो लक्षात ठेवायचा, उद्या त्याचीच गरज लागेल.

शुक्रवार. या दिवसाचे आकडे एकाखाली एक मांडते.

सकाळी 6: ताप 99.4, नाडी 96, बीपी 108/76.
सकाळी 10: ताप 98.8, नाडी 104, बीपी 106/80.
दुपारी 2: ताप 98.4, नाडी 116, बीपी 104/84.

फक्त तापाचा रकाना वाचला तर ही बाई बरी झाली. तिचा नवरा खाटेपाशी उभा राहून अहिराणीत विचारतो, "सिस्टर, ताप ते उतरी गया, आते घर लई जाऊ का?" त्याचे म्हणणे चुकीचे नाही, बाकी बहुतेक आजारांत असेच असते. पण आता लाल रेघ बघा. बुधवारी 103.2 तापाला 112 नाडी होती. ताप जवळजवळ चार अंश उतरला, म्हणजे नाडी सकाळी 6 लाच 75-80 च्या आसपास यायला हवी होती. ती 96 होती. पुढे ताप आणखी उतरला आणि नाडी चढली. फुली पडली ती सकाळी 6 आणि 10 च्या मध्ये कुठे तरी. बीपीतला फरक 32, मग 26, मग 20.

आत काय चालले आहे? डेंग्यूच्या या टप्प्यात अगदी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर पाझरतो, पोटात आणि फुप्फुसाभोवती साठतो. बाहेरून रक्त सांडलेले दिसत नाही, पण नळीतले कमी होते. हृदय ते भरून काढायला जोरात पळते, म्हणून नाडी चढते. त्याच वेळी शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते, कारण मेंदू आणि हृदयाकडे रक्त पोहोचले पाहिजे. आवळल्यामुळे बीपीचा खालचा आकडा वर येतो आणि हात-पाय गार पडतात. वरचा आकडा मात्र बराच वेळ टिकून राहतो, आणि फसवतो तो हाच. 104 म्हणजे "बीपी ठीक" असे लिहून पुढच्या खाटेकडे जाणारी मुलगी मी पाहिली आहे. वरचा आकडा 90 च्या खाली घसरतो तोवर शरीराची ताकद संपत आलेली असते, आणि मग तो थोड्या वेळात कोसळतो. ही बाई त्या वेळी उठून बसलेली असते, नीट बोलते, नवऱ्याला मुलाबद्दल विचारते. हा शॉक बोलणाऱ्या-चालणाऱ्या माणसात असतो, म्हणून तो आकड्यांतच शोधावा लागतो.

सकाळी 10 चा शेरा असा आहे: "ताप नाही. आराम आहे." सही आहे, वेळ आहे, आणि तरीही हा शेरा निकामी आहे. रकान्यात जे आधीच आहे तेच त्यात पुन्हा लिहिले आहे. ताप 99 च्या खाली आला, नाडी चढली आणि फरक 26 झाला, त्याच वेळी चार तासांची नोंद थांबवून तासाची सुरू करायला हवी होती. छापील रकाने चार-चार तासांचे आहेत म्हणून आजार तेवढा थांबत नाही. शुक्रवारसारख्या दिवशी मागच्या कोऱ्या कागदावर हाताने रेघा मारून तासाचा तक्ता करावा लागतो.

दुपारी 2 ला पाळी बदलली. नव्या सिस्टरचा शेरा पूर्ण देते: "दुपारी 2. ताप नाही. 11 पासून दोन उलट्या. उजव्या बरगडीखाली दुखते म्हणते. हात-पाय गार, नाडी बारीक. बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंद. सकाळी 7 नंतर लघवी नाही. पल्स प्रेशर 20. 2.10 ला ड्युटीवरच्या डॉक्टरांना समक्ष सांगितले."

या सात-आठ वाक्यांत एकही मत नाही. "रुग्ण बरा वाटत नाही" असे तिने लिहिले नाही. जे पाहिले, दाबून बघितले आणि विचारले, ते लिहिले. उलट्या आणि पोटदुखी ही डेंग्यूची धोक्याची चिन्हे आहेत. बोटाचा रंग दोन सेकंदांत परतायला हवा, तीन लागले म्हणजे कातडीपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. लघवीचा हिशेब तर कोणालाही करता येतो. तासाला दर किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे 50 किलोच्या माणसाला ताशी 25. सात तासांत निदान 175 मिलिलिटर व्हायला हवी होती, झाली शून्य. ही गोष्ट तिने बाईला विचारून लिहिली, कारण सकाळपासून मापाच्या भांड्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. वॉर्डातल्या मावशींना आणि नातेवाइकांना "लघवी ओतू नका, आधी मोजून सांगा" हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे लागते. शेवटी "कळवले" असे मोघम न लिहिता कोणाला, किती वाजता, समक्ष की फोनवर, हेही तिने लिहिले.

डॉक्टरांनी लगेच पीसीव्ही पाठवला. काल 38 होता, आज 46. पातळ भाग निघून गेला की तांबड्या पेशी दाटतात आणि हा आकडा चढतो. मूळ आकड्याच्या 20 टक्के वाढ ही पाझराची मोठी खूण मानतात. 38 चे 20 टक्के म्हणजे 7.6, म्हणून 45.6 च्या वर गेला की खूण पटली. कालचा आकडा हाताशी नसता तर 46 पाहून काहीच ठरवता आले नसते, अनेक निरोगी पुरुषांचा तेवढा असतो.

2.20 ला सलाईन सुरू झाले, पहिल्या तासात 500 मिलिलिटर, म्हणजे किलोमागे 10. साध्या सेटमधून वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर मिनिटाला 165 च्या वर थेंब पडायला हवेत. इतके थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत, म्हणून बाटलीवर पट्टी चिकटवून वेळेच्या खुणा करतात आणि पातळी खुणेशी ताडून बघतात. 3.20 ला नाडी 106, बीपी 106/80, फरक 26. सलाईन ताशी 300 वर आणले. संध्याकाळी 6 ला नाडी 98, बीपी 110/78, फरक 32, हात ऊबदार, लघवी 200 मिलिलिटर. आता ताशी 200, आणि रात्री त्याहून कमी. दर पायरीला आधी नाडी, बीपीतला फरक आणि लघवी बघायची, मगच थेंब कमी करायचे. रात्री 10 ला ताप 98.2 होता, म्हणजे दुपारी होता जवळपास तेवढाच. दुपारची धोक्यातली बाई आणि रात्रीची सावरलेली बाई यांत तापाचा रकाना काहीच फरक दाखवत नाही.

शनिवारी नातेवाइकांची काळजी दुसरीकडेच गेली. रिपोर्टात प्लेटलेट 32 हजार आले. आमच्याकडे "पेशी कमी झाल्या" हे डेंग्यूचे दुसरे नावच आहे. कोणी पपईच्या पानांचा रस आणतो, कोणी शेळीचे दूध शोधत फिरतो, कोणी पेशींची पिशवी चढवा म्हणून हट्ट धरतो. पण शनिवारी नाडी 84 होती, बीपी 110/74, पीसीव्ही परतून 41, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त नाही, अंगावरून जास्त जात नाही. रक्तस्राव नसेल आणि आकडा 10 हजारांच्या खाली गेलेला नसेल, तर पेशी चढवत नाहीत. तक्ता सांगतो की शुक्रवारी दुपारी, प्लेटलेटची चर्चा सुरूही झाली नव्हती तेव्हा, ती जास्त धोक्यात होती. हे नातेवाइकांना समजावताना मी कागद त्यांच्यापुढे धरते आणि लाल रेघेवर बोट फिरवून दाखवते. आकड्यांपेक्षा रेघ लवकर पटते.

रविवारचा तक्ता पुन्हा एकदा घाबरवतो, पण वेगळ्या तऱ्हेने. ताप 97.8, नाडी 56. नवीन मुलीला वाटते, नाडी बसत चालली. शेरा वाचला की उलगडते: "भूक लागली, खिचडी खाल्ली. रात्रीत लघवी 1800. दंडावर, पायांवर लाल पुरळ, मध्ये पांढरे ठिपके, खाज. हात ऊबदार, नाडी भरलेली, बीपी 112/70." पाझरलेले पाणी रक्तवाहिन्यांत परत येते आहे आणि लघवीवाटे निघून जाते आहे. या दिवसांत नाडी मंद होणे बरे होण्याच्या वाटेवरचे आहे. शुक्रवारी 98.4 तापाला 116 नाडी वाईट होती आणि रविवारी 56 चांगली, दोन्हींचा अर्थ बाजूच्या रकान्यांशी जोडूनच लागतो.

इथे तक्त्यातला सर्वांत दुर्लक्षित रकाना कामाला येतो, तो श्वासाचा. बहुतेक तक्त्यांत तो न मोजता भरलेला असतो. पाच दिवस, सगळ्या पाळ्या, सगळीकडे 20. एका रुग्णालयात माझ्या हाती असा तक्ता आला होता, ज्यात खाटेवरचा म्हातारा उशीला टेकून धापा टाकत होता आणि कागदावर श्वास 20 होता, एकाच पेनाने, तीन पाळ्यांचा मिळून एकदाच भरलेला. मी तिथेच उभी राहून मिनिटभर मोजले, 36 भरले. पाझरलेले पाणी परत येत असताना सलाईन तसेच चालू राहिले, तर ते फुप्फुसांत साठते. आधी श्वास 20 चा 26 होतो, मग रुग्णाला आडवे झोपवत नाही, मग खोकला येतो. शुक्रवारी ज्या सलाईनने वाचवले, तेच रविवारी बुडवू शकते. ही चढण फक्त श्वासाच्या रकान्यात वेळेवर दिसते. मोजायची युक्ती सोपी आहे: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही. रुग्णाला वाटते अजून नाडीच चालू आहे, आणि आपण त्याच्या पोटाची हालचाल मोजतो. श्वास मोजतोय असे सांगितले की माणूस तो बदलतो.

आपल्या बाईचे सलाईन शनिवारी रात्रीच बंद झाले होते. गोळीविना ताप नसलेले 48 तास, तोंडाने खाणे-पिणे, नीट लघवी आणि चढू लागलेल्या प्लेटलेट, एवढे जमले की घरी सोडता येते. ती सोमवारी गेली. तालुक्याच्या दवाखान्यातून धुळ्याला रुग्ण पाठवतात, तेव्हा 108 च्या गाडीत चिठ्ठीबरोबर हा कागदही द्यावा. "डेंग्यू, पेशी कमी" एवढ्या चिठ्ठीवरून पुढच्या डॉक्टरला शुक्रवारची दुपार दिसणार नाही. कालचा पीसीव्ही, ताप कधी उतरला ती वेळ आणि शेवटची लघवी, या तीन गोष्टी तिथे पुन्हा शोधायला गेले तर दोन तास जातात.

सोमवारी शेवटच्या रकान्यात सकाळी 10 ला ताप 98, नाडी 64, श्वास 18, बीपी 114/72 आहे. शेरा असा: "चालत बाथरूमला गेली. खाज कमी. नवऱ्याला ड्रम झाकायला, आठवड्याला रिकामा करून घासायला सांगितले. चक्कर, उलटी, पोटदुखी झाली तर ताप नसला तरी परत आणा, हे दोघांकडून परत म्हणवून घेतले."